विहिरीतले गोटे आणि वाहणारा बर्फ

प्रश्न: सर, आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, इरई नदीपासून जवळच. यंदा उन्हाळ्यात विहीर खोल करायला घेतली तर खाली हिरवट, चुरा होणारा दगड लागला आणि त्यात मुठीएवढ्यापासून ते पोत्याएवढे गोटे रुतून बसलेले. कोळशाच्या बोअरवर काम केलेला एक जण म्हणाला, "हे बर्फानं आणलेले गोटे आहेत, इथं कधीकाळी बर्फाची नदी होती." आमच्याकडं मे महिन्यात ४६ अंश तापमान असतं, तेव्हा सगळे हसले. पण माझी पोरगी नववीत आहे, ती म्हणते पुस्तकात हिमनदी आहे. बर्फ तर दगडासारखा घट्ट, तो वाहतो कसा? आणि नदीपेक्षा रुंद दरी कोरतो म्हणजे नेमकं काय करतो? आमच्या वर्धेचं खोरं एवढं रुंद आहे, ते त्यानंच केलं का?

उत्तर:

भाऊ, हसणाऱ्यांना हसू द्या, बोअरवाला बहुतेक बरोबर बोलला. मी आयुष्यभर दगडांचंच काम केलं. त्यातले कितीतरी उन्हाळे हिमाचलातल्या लाहौलमधल्या हिमनद्यांवर बांबू रोवण्यात गेले आणि उरलेले वर्धा खोऱ्यात. तुमची विहीर या दोन्हींच्या मधोमध आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विहिरीकडं शेवटी येतो. आधी बर्फ समजून घेऊ, नाहीतर गोटे कळणार नाहीत.

हिमनदी म्हणजे गोठलेली नदी नव्हे. नदीचं पाणी गोठून ती होत नाही, ती पडलेल्या हिमापासून होते. उंचावर जिथं हिवाळ्यात पडलेलं हिम उन्हाळ्यात पूर्ण वितळत नाही, तिथं दरवर्षी थोडं शिल्लक राहतं आणि पुढच्या वर्षीचं त्याच्यावर बसतं. जिनिंगवर कापसाचं काय होतं ते तुम्ही पाहिलंय. सुटी रुई खोलीभर पसरते आणि दाबली की १७० किलोची गाठ दोन माणसांच्या कवेत येते. हिमाचं तसंच होतं, फक्त तिथं प्रेस नाही, वरच्या थराचं वजनच प्रेसचं काम करतं. ताज्या भुसभुशीत हिमाचा एक घनमीटर साधारण १०० किलो भरतो. दाबून, कण गोल होऊन, मधे झिरपलेलं पाणी पुन्हा गोठून त्याचं आधी साखरेसारखं रवाळ हिम होतं. घनता ८३० किलोच्या आसपास पोचली की आतल्या हवेच्या वाटा बंद होतात, हवा बुडबुड्यांत अडकते, आणि त्या क्षणापासून आम्ही त्याला बर्फ म्हणतो. पूर्ण घट्ट बर्फ ९१७ किलो. म्हणजे नऊ मीटर हिमाचा एक मीटर बर्फ. उन्हाळ्यात जिथं थोडं वितळतं तिथं हे काम काही वर्षांत किंवा काही दशकांत उरकतं. अंटार्क्टिकाच्या आतल्या कोरड्या थंडीत त्याला हजार वर्षांहून जास्त लागतात.

आता तुमचा खरा प्रश्न, घट्ट वस्तू वाहते कशी. इथं आपली फसगत होते ती 'घट्ट' या शब्दामुळं. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड लाल होऊन मऊ पडतं, त्याला ठोकून विळा करता येतो. ते मऊ का पडतं, तर ते आपल्या वितळण्याच्या तापमानाकडं सरकलेलं असतं म्हणून. पण लाल लोखंडाला वितळायला अजून सहाशे अंश बाकी असतात. उणे पाच अंशांवरच्या बर्फाला बाकी असतात फक्त पाच! म्हणजे आपल्या हाताला थंड लागणारा बर्फ स्वतःच्या हिशेबानं भट्टीतल्या लोखंडाहून जास्त तापलेला आहे. त्याच्या स्फटिकांत पत्त्यांच्या कॅटसारखे थर असतात, आणि बाजूनं जोर लागला की ते थर एकमेकांवरून सरकतात. हातोडा मारला तर फुटेल, पण शांतपणे, वर्षानुवर्षं ओझं ठेवलं तर वाहील. रस्त्याच्या कामावरचं डांबर आठवा. थंडीत हातोड्यानं त्याच्या ठिकऱ्या उडतात, आणि तोच ड्रम आडवा पडून राहिला तर महिन्याभरात डांबर ओघळून बाहेर आलेलं असतं.

त्यासाठी जाडी मात्र हवी. साधारण तीसेक मीटरपेक्षा पातळ बर्फ उतारावर नुसता पडून राहतो. म्हणूनच हिमनदीचा वरचा थर ठिसूळच असतो. खालचा वाहतो, वरच्याला ताण सहन होत नाही, आणि तिथं भेगा पडतात. काळ्या मातीच्या भेगा सुकून, आक्रसून पडतात. बर्फाच्या भेगा ओढल्यामुळं पडतात आणि तीसेक मीटर खाली जाऊन मिटतात, कारण तिथं बर्फ फुटायच्या आधीच वाहून जागा भरतो.

जाडीचा हिशेब एकदा करून दाखवतो, कारण सगळी गंमत त्यात आहे. उतार धरा १०० मीटरला १० मीटर. त्यावर १०० मीटर जाडीचा बर्फ बसला, तर त्याच्या तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला उताराच्या दिशेनं जवळपास नऊ टनांची ओढ लागते. वितळण्याच्या बेतात असलेला बर्फ एवढ्या ओढीला वर्षाला साधारण अडीच मीटर सरकतो. आता जाडी दुप्पट करा, २०० मीटर. तुम्ही म्हणाल वेग दुप्पट होईल, पाच मीटर. होतो चाळीस मीटर. कारण ओढ दुप्पट झाली की बर्फाचं वाकणं आठपट होतं, आणि वाकायला जाडीही दुप्पट मिळते. आठ दुणे सोळा. बाजूच्या कड्यांना घासण्यात काही वेग जातो, तो मी धरलेला नाही, त्यामुळं प्रत्यक्षातला आकडा कमी येतो. पण हा सोळापटीचा नियम लक्षात ठेवा, दरी रुंद का होते तिथं तो पुन्हा लागेल.

हे कागदावरचं गणित नाही. १८२० साली आल्प्समधल्या मॉंब्लां शिखरावर चढताना तीन वाटाडे हिमलोटात सापडून भेगेत गाडले गेले. नंतर जेम्स फोर्ब्स या शास्त्रज्ञानं बर्फाचा वेग मोजून सांगितलं की चाळीसेक वर्षांनी ते खालच्या टोकाला बाहेर येतील. १८६१ साली त्यांचे अवशेष हिमनदीच्या खालच्या भागात बाहेर येऊ लागले. आम्ही लाहौलमध्ये तेच करायचो, फक्त माणसांऐवजी बांबूंनी. वाफेच्या ड्रिलनं बर्फात खोल भोक पाडायचं, बांबू सोडायचा, त्याची जागा मोजून ठेवायची. पुढच्या वर्षी बांबू उंच झालेला दिसला तर तेवढा बर्फ वितळला, आणि जागेवरून पुढं गेलेला दिसला तर तेवढा बर्फ वाहिला. एकाच खुंटीनं दोन्ही हिशेब. पहिल्या वर्षी मी जुन्या जागेवर तासभर बांबू शोधत होतो आणि वैतागलो होतो की कुणीतरी उपटून नेला. बांबू उताराला पुढं उभा होता, मलाच वाहत्या गोष्टीवर जागा शोधायची सवय नव्हती.

एक गैरसमज इथंच काढतो, कारण पोरगी नक्की विचारेल. हिमनदी मागं हटतेय असं बातम्यांत येतं, म्हणजे बर्फ मागं सरकतो का? नाही. कोळशाचा कन्व्हेयर बेल्ट तुम्ही पाहिला असेल. वरून कोळसा पडतो, पट्टा पुढं नेतो, शेवटी खाली होतो. हिमनदीवर वरच्या भागात हिम जमा होतं, खालच्या भागात वितळतं, आणि बर्फ पट्ट्यासारखा नेहमी खालीच येत असतो. खालचं वितळणं वरून येणाऱ्या मालापेक्षा जास्त झालं की टोक मागं दिसतं. पट्टा उलटा फिरत नाही.

आता कोरण्याचं. इथं आणखी एक कोडं आहे. बर्फ चुनखडकापेक्षाही मऊ आहे. वितळण्याच्या बेतातल्या बर्फावर नखानंही रेघ ओढता येते. मग तो ग्रॅनाइट कसा कापेल? कापत नाहीच. तुमच्या घरी चाकूला सहाणेवर धार लावता ना? तसा बर्फ म्हणजे नुसता हात, सहाण वेगळी. बर्फाच्या तळात रुतलेले दगड ही त्याची सहाण. त्यात गारगोटीचे कण असले तर ते कुठल्याही खडकावर ओरखडा काढतात. बर्फ पुढं सरकतो, दगड तळाच्या खडकावर घासत जातो, खडक गुळगुळीत होतो आणि त्यावर एकाच दिशेनं जाणाऱ्या बारीक रेघा आणि खाचा उमटतात. घासून निघालेलं पीठ पाण्यात मिसळतं. हिमनदीच्या तोंडातून निघणारं पाणी दुधाळ-राखाडी दिसतं ते त्यामुळं.

पण घासण्यानं होतं ते नुसतं पॉलिश. मोठं काम दुसऱ्या रीतीनं होतं, आणि ते आमच्या गिट्टी खदानीतल्या कामासारखं आहे. खडकात आधीच चिरा असतात. बर्फ एखाद्या पायरीवरून पुढं सरकला की पायरीच्या मागं पोकळी राहते, आणि त्या पोकळीत वितळलेलं पाणी भरतं. दुपारी वरून खूप पाणी उतरलं की पोकळीतला दाब वाढतो, बर्फाला थोडं उचलून धरतो. रात्री पाणी ओसरलं की तो आधार जातो आणि बर्फाचं सगळं ओझं पायरीच्या कडेवर येतं. असं रोज, वर्षानुवर्षं. चीर हळूहळू खोल जाते आणि एक दिवस ठोकळा सुटतो. सुटलेला ठोकळा बर्फ ओढून नेतो, आणि आता तोच पुढच्या खडकाला घासायची सहाण होतो. म्हणून ज्यावरून हिमनदी गेली अशा खडकाच्या टेकाडाची वरची बाजू गुळगुळीत आणि खालच्या अंगाची बाजू तुटकी, पायऱ्यापायऱ्यांची असते. तुमच्या पोरीच्या पुस्तकात याला मेषशिला म्हटलेलं सापडेल.

यात पाणी किती महत्त्वाचं आहे ते पाहिलंत ना? ते नसेल तर बर्फ तळाला चिकटून गोठलेला असतो. आतून वाकून थोडा पुढं जातो, पण तळावर घसरत नाही, म्हणून कोरतही नाही. अतिथंड प्रदेशात असा बर्फ खाली असलेली जुनी जमीन हजारो वर्षं जशीच्या तशी जपून ठेवतो. जास्त थंडी म्हणजे जास्त कोरणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते उलटं आहे. भरपूर हिम पडणाऱ्या आणि उन्हाळ्यात भरपूर वितळणाऱ्या डोंगरातल्या हिमनद्या सगळ्यात जास्त कोरतात.

मग दरी रुंद का होते? नदी खडक कापते ती करवतीसारखी, आपल्या पात्राच्या रुंदीएवढ्या पट्टीत. बाकीचा डोंगर पाऊस, दरडी यांनी ढासळत राहतो आणि दरीचा आकार इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा होतो. हिमनदी त्याच दरीत उतरली की ती तळाशी पट्टी करून वाहत नाही, दरी काठोकाठ भरते. दोन-तीनशे मीटर उंचीपर्यंतच्या दोन्ही बाजूंना ती घासत असते. आता मघाचा सोळापटीचा नियम लावा. 'व्ही'च्या अगदी टोकाशी दरी इतकी चिंचोळी असते की दोन्ही भिंती बर्फाला धरून ठेवतात, तिथं वेग कमी. भिंतींच्या मधल्या भागात बर्फ जाड आणि मोकळा, तिथं घसरण जास्त, कोरणं जास्त. म्हणजे दरी आधी मधून फुगते, खालचा कोपरा रुंद होतो, भिंती उभ्या होत जातात. होता होता 'यू' होतो. तो आकार आला की भिंती आणि तळ बऱ्यापैकी सारखे झिजायला लागतात, म्हणून दरी नंतर त्याच आकारात खोल जाते. बाजूनं येऊन मिळणारी लहान हिमनदी पातळ असते, तिला तेवढं खोल जाता येत नाही. बर्फ गेल्यावर तिची दरी कड्यावर लोंबत राहते आणि तिथून धबधबा पडतो.

वेळेचा अंदाज घ्या. चांगली कोरणारी हिमनदी वर्षाला एखादा मिलिमीटर खडक काढते, नखाच्या जाडीच्या साधारण दुप्पट. हजार वर्षांत एक मीटर. शंभर मीटर खोल जायला लाख वर्षं. पुस्तकात 'हजारो वर्षं' लिहिलेलं असतं, ते ओरखड्यांना पुरतं, दरीला पुरत नाही. पण हिमयुगं पुन्हा पुन्हा आली आहेत, गेल्या काही लाख वर्षांत साधारण लाखेक वर्षांच्या अंतरानं, आणि प्रत्येक वेळी बर्फ त्याच दऱ्यांत उतरला. शेवटचा कळस वीसेक हजार वर्षांपूर्वीचा.

कधी गंगोत्रीच्या यात्रेला गेलात तर खिडकीजवळ बसा. उत्तरकाशीहून वर जाताना भागीरथीची दरी अरुंद, काळजात धस्स करणारी आहे. सुखीचा चढ चढून 'झाला' नावाच्या गावाजवळ पोचलात की अचानक दरी उघडते. हरसिलचं सपाट मैदान, दोन्हीकडं उभे कडे. गंगोत्री हिमनदी एकेकाळी गोमुखापासून चाळीसेक किलोमीटर खाली, या झाला गावापर्यंत पसरली होती. गावाच्या खाली नदीनं कापलेली दरी, वर बर्फानं. सपाट तळ मात्र सगळा बर्फाचा नाही. बर्फ हटल्यावर नदीनं आणि साचलेल्या पाण्यानं आणलेली रेती-गोटे भरून तो सपाट झाला आहे. 'यू'चा खरा तळ त्याच्या खाली गाडलेला असतो.

आता तुमची विहीर.

वर्धा खोऱ्यात कोळशाचे थर आहेत त्यांच्या खाली एक हिरवट थर येतो, त्याला तालचीर म्हणतात. ओडिशातल्या तालचेरवरून पडलेलं नाव. बोअर त्या हिरव्यात गेलं की कोळशावाले ड्रिल थांबवतात, कारण त्याच्या खाली कोळसा नाही. म्हणून तुमच्या त्या माणसानं तो रंग बरोबर ओळखला. हा थर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाजवळ, गोंडवन नावाच्या मोठ्या भूखंडाचा भाग होता, म्हणून ४६ अंशांच्या चंद्रपुरात बर्फाच्या खुणा सापडतात. ऊन नंतर आलं, जमीन सरकत इथवर आल्यावर. आणि तुमच्या चंद्रपूर जिल्ह्यात जे आहे ते बघायला लोक लांबून येतात. १८७५ साली फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकानं इरई नावाच्या गावाजवळ चुनखडकाची गुळगुळीत झालेली, रेघारेघांची फरशी नोंदवली, तिच्या वर हाच गोट्यांचा थर. फरशीवर ओरखडे म्हणजे तिथं बर्फ प्रत्यक्ष जमिनीला घासत गेला होता.

तुमच्या गोट्यांबद्दल मी तेवढ्या ठामपणे बोलणार नाही. तालचीरमधले बरेच गोटे पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फातून सुटून तळाच्या चिखलात पडलेले आहेत. तसं असेल तर गोट्याखालचे मातीचे बारीक थर दबून खाली वाकलेले दिसतात. थरच नसतील, आणि पिठासारख्या मातीपासून पोत्याएवढ्या दगडापर्यंत सगळं एकत्र कालवलेलं असेल, तर ते बर्फानं थेट टाकलेलं असू शकतं. नदी असं करत नाही. ती माल चाळून ठेवते, रेती एकीकडं, गोटे एकीकडं.

गोटे वर काढले असतील तर घासायच्या ब्रशनं धुवा आणि तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी बघा. नदीचा गोटा सगळीकडून गोल असतो. बर्फातल्या गोट्याला एखादी-दोन बाजू तासल्यासारख्या सपाट असतात, वापरलेल्या वरवंट्यासारख्या, आणि त्या सपाट बाजूवर बहुतेक एकाच दिशेच्या रेघा. चुनखडकाच्या गोट्यांवर रेघा छान राहतात, ग्रॅनाइटच्या खडबडीत गोट्यांवर शोधू नका.

फसू मात्र नका. नोकरीच्या सुरुवातीला मी एका खडकावरच्या रेघांचे दोन दिवस नकाशे काढले, दिशा मोजल्या, आणि वरिष्ठांना अभिमानानं दाखवायला नेलं. ते खाली बसले, रेघेवर बोट फिरवलं आणि मला जवळच उभा असलेला बुलडोझर दाखवला. तुमच्या बाबतीत पहार, जेसीबीचे दात आणि ब्लास्टिंगचा छिलका हे तिन्ही रेघा काढतात. त्या ताज्या, पांढुरक्या, आणि मातीच्या डागाशिवायच्या असतात. म्हणून मशीन न लागलेला, भिंतीत अजून अर्धा रुतलेला गोटा निवडा आणि हातानं मोकळा करा. त्याच्या मातीत दडलेल्या बाजूवर रेघा असतील तर त्या जुन्या.

राहिलं वर्धेचं खोरं. ते त्या बर्फाचं नाही. ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दऱ्या त्याच गाळानं भरून गेल्या, वर कोळशाचे थर साचले, त्यावर आणखी खडक, आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर आले. आजचं खोरं खचलेल्या पट्ट्यातल्या मऊ वालुकाश्मात आणि शेल नावाच्या चिखलाच्या दगडात नदीनं वळणं घेत, काठ खात रुंद केलेलं आहे. उभे कडे नाहीत, लोंबत्या दऱ्या नाहीत, कुठं 'यू' नाही.

विहिरीला काम पुढं चालू असेल तर एक करा, भिंत बांधून काढायच्या आधी हिरव्या थराचे फोटो घ्या. शेजारी टेप धरा, म्हणजे गोट्याचं माप कळेल. तो दगड उघडा राहिला की पावसाळ्यात चुरा होऊन गळतो, आणि पाणीही तो फारसं देत नाही. त्याच्या खाली चुनखडक लागला आणि त्याचा माथा गुळगुळीत निघाला, तर त्यावर पहार मारायच्या आधी मला फोन करा. मी पहिल्या एसटीनं येतो.